सहाव्या ओळीतला आकडा

मास्तरांनी त्या दिवशी माझ्यावर आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलट बोलता येतं, आणि उलट बोलण्यात माझा हात धरणारं आमच्या रुग्णालयात कोणी नाही. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. त्यातली एक ओळ कोरी होती.

मास्तर म्हणजे आमच्या संशोधन कक्षातले आकडेवाले. तरुणपणी शाळेत गणित शिकवायचे, शाळा बंद पडली तसे रुग्णालयाच्या नोंदणी विभागात कारकून म्हणून चिकटले. चाळिशीत संगणकाची पुस्तकं आणून स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकले आणि बघता बघता मोठमोठे डॉक्टर त्यांच्या टेबलासमोर स्टूल ओढून बसायला लागले. अजूनही दोन बोटांनीच टाइप करतात. चष्मा दोरीने गळ्यात, आणि तो शोधायचा मात्र सगळ्या टेबलावर. एक वाजून दहा मिनिटांनी डबा उघडणार म्हणजे उघडणार, समोर यमराज बसला असला तरी त्याला म्हणतील, पाच मिनिटं थांबा.

त्यांच्या दोन गोष्टींची सगळे टिंगल करायचे, मी सगळ्यांत जास्त. एक, टेबलाखालचा जुना संगणक. कक्षात नवीन यंत्रं आली तेव्हा जुनी सगळी भंगारात गेली, पण याच्यावर मास्तरांनी कापडी खोळ शिवून घातली आणि पायाशी ठेवून घेतला. मी विचारायची, "म्हातारबुवांची तब्येत कशी आहे?" ते म्हणायचे, "बोलावलं की उठतात."

दुसरी गोष्ट नोंदवही. जाडजूड, लांबट, आडव्या रेघांची. विश्लेषण चालवलं की तारीख, कोणता संगणक, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, सीड कोणता, उत्तर काय, हे सगळं रकान्यांत. शिवाय प्रोग्रामची छापील प्रत घडी घालून त्याच पानावर डकवलेली.

सीड काय ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. माझा अभ्यास होता बेडसोअरवर. मी अठरा वर्षं अतिदक्षता कक्षात परिचारिका आहे, सगळे मला सिस्टर म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर, टाचांवर पडणाऱ्या जखमा मी इतक्या धुतल्या आहेत की त्यांचा वास आंघोळ केली तरी नाकातून जात नाही. कोणाला जखम होणार हे पहिल्याच दिवशी सांगता येईल का, एवढंच मला बघायचं होतं. सहाशे बारा रुग्णांच्या नोंदी जमवल्या. संगणकाने चिठ्ठ्या काढल्यासारखे त्यांचे दोन गट पाडायचे. चारशे अठ्ठावीस जणांवरून गुणांचं सूत्र बसवायचं आणि उरलेल्या एकशे चौऱ्याऐंशी जणांवर ते पारखायचं. आता संगणकाच्या चिठ्ठ्या काही खऱ्या चिठ्ठ्या नसतात. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, तोच सीड. तोच आकडा दिला की पुन्हा पुन्हा त्याच चिठ्ठ्या निघतात. आकडा बदलला की गट बदलतात, आणि गट बदलले की उत्तरही थोडं हलतं.

म्हणून मास्तरांचा एक रिवाज होता. सीड त्यांनीही ठरवायचा नाही आणि अभ्यास करणाऱ्यानेही नाही. माहितीची फाइल उघडण्याआधी, अभ्यासाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला बोलवायचं, चार आकडी आकडा विचारायचा, वहीत लिहायचा आणि त्याची सही घ्यायची. माझ्या वेळी लिफ्ट चालवणाऱ्या बाई आल्या होत्या. "कसला आकडा? मला काही बक्षीस लागणार आहे का?" असं विचारत त्यांनी सांगितलं, ४६१८. आणि सही केली.

सोमवारी सकाळी मासिकाच्या संपादकांचा मेल आला. आमचा लेख त्यांना पसंत होता. फक्त माहिती आणि प्रोग्राम कुठे मिळतील, आवृत्त्या कोणत्या, सीड कोणते, काय वाटता येणार नाही आणि का, याचं निवेदन शुक्रवारी पाचपर्यंत हवं होतं. त्यांचा माणूस ते वाचून, रुग्णालयात येऊन आमचा प्रोग्राम स्वतः चालवून बघणार होता. त्याला तेच उत्तर आलं की लेख पक्का.

आणि लेख पक्का होणं ही माझ्यासाठी शोभेची गोष्ट नव्हती. माझ्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत महिनाअखेरीस संपत होती. दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळत नाही. प्रबंध बांधून तयार होता, पण एक स्वीकारलेला लेख जोडल्याशिवाय विद्यापीठ तो हातात घेत नाही. सात वर्षं. ड्यूटी, घर, सासूबाईंचं आजारपण, आणि उरलेल्या वेळात हा अभ्यास. मेल वाचून मी कक्षात अक्षरशः नाचले.

मंगळवारी मास्तरांनी नव्या संगणकावर प्रोग्राम चालवला. आमच्या लेखात चौऱ्याऐंशी टक्के लिहिलं होतं. म्हणजे जखम झालेला एक रुग्ण आणि न झालेला एक अशी जोडी घेतली, तर शंभरपैकी चौऱ्याऐंशी वेळा आमचं सूत्र जखमवाल्याला जास्त गुण देतं. पडद्यावर आलं एकोणऐंशी.

मी पडद्याजवळ सरकून आकडा पुन्हा वाचला. आता खरं सांगते, मी घाबरले ते मास्तरांना वाटलं त्या कारणाने नाही.

"घाबरू नका," ते म्हणाले. "बघतो."

बुधवारी त्यांनी म्हातारबुवांची खोळ काढली. यंत्र घरघरत उठलं, पाच मिनिटं खोकलं आणि पडद्यावर आलं चौऱ्याऐंशी. मास्तर खुर्चीत मागे टेकले. इतका खूश झालेला माणूस मी त्या खोलीत पाहिला नव्हता.

"सापडलं," ते म्हणाले. "सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मधल्या काळात चिठ्ठ्या काढायची रीत बदलली. जुनी रीत किंचित एका बाजूला झुकायची, म्हणून सुधारली. त्यामुळे सीड तोच दिला तरी नव्या आवृत्तीत वेगळ्या चिठ्ठ्या निघतात."

"मग त्या मासिकाच्या माणसाला आपल्या म्हाताऱ्यासमोर बसवायचं का?"

"नको. नव्या आवृत्तीला एका ओळीत सांगता येतं, बाई गं, जुन्या रीतीने काढ. हे बघा." त्यांनी ती ओळ घातली आणि नव्या संगणकावरही चौऱ्याऐंशी आले. "निवेदनात दोन्ही लिहायचं. मूळ आवृत्ती, सोबतच्या प्रत्येक जोड-प्रोग्रामची आवृत्ती, आणि ही ओळ."

मला हायसं वाटलं. इतकं की मी डोळे मिटून घेतले. पाचपैकी तीन दिवस गेले आणि कोणी प्रोग्रामच्या सहाव्या ओळीकडे पाहिलं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या दुपारी आमच्या विभागप्रमुख मॅडम आल्या. माझ्या मार्गदर्शक त्याच. हुशार, घाईच्या आणि फटकळ. त्यांनी माहिती वाटण्याबद्दलचा परिच्छेद उभ्या उभ्या सांगून टाकला, "लिहा, विचारणा केल्यास माहिती लेखकांकडून मिळेल. झालं."

मास्तर म्हणाले, "मॅडम, लेखक म्हणजे कोण? मी तीन वर्षांत निवृत्त. तुम्ही पाच. सिस्टरांची बदली होईल. मग विचारणाऱ्याने कोणाचं दार ठोठावायचं?"

"मग सगळी माहिती उघडी टाका. नावं काढली की झालं."

"नावं काढून भागत नाही. नऊ नंबरचा बेड आठवतोय? वय चौऱ्याण्णव, दोन्ही पाय गुडघ्याखाली कापलेले. नाव नसलं तरी तिच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल."

मला त्या आजी आठवल्या. कूस बदलताना मला म्हणायच्या, "हळू गं, मी काय पोतं आहे?" त्यांचं सगळं दुखणं जगाने वाचावं अशी त्यांनी सही केली नव्हती. मास्तरांनी तर संमतीपत्रं पुन्हा चाळली होती. पहिल्या एकशे चाळीस जणांच्या फॉर्मवर स्पष्ट छापलं होतं, तुमची माहिती या रुग्णालयाबाहेर जाणार नाही. नंतरच्या फॉर्मवर ते वाक्य बदललेलं होतं, पण आधीच्यांना दिलेला शब्द काही बदलत नाही.

शेवटी त्यांनी असं लिहिलं. पहिल्या एकशे चाळीस रुग्णांच्या नोंदी संमतीमुळे बाहेर देता येणार नाहीत, तपासायच्या असतील तर रुग्णालयात येऊन तपासता येतील. बाकीच्यांसाठी नीतिशास्त्र समितीच्या कार्यालयाकडे अर्ज करायचा, पत्ता आणि मेल माणसाचा नाही, कार्यालयाचा. उत्तर सहा आठवड्यांत. प्रोग्राम मात्र सर्वांसाठी खुला, कायमच्या क्रमांकासकट, म्हणजे जागा बदलली तरी त्या क्रमांकावरून सापडेल. त्यासोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ, आणि त्याच रकान्यांची एक बनावट फाइल, ज्यात एकही खरा माणूस नाही, म्हणजे प्रोग्राम चालतो की नाही हे कोणालाही घरी बसून बघता येईल. त्या फाइलीवर ठळक लिहिलेलं, ही बनावट आहे, हिच्यातून लेखातले आकडे येणार नाहीत.

मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शाळा सोडली, पण शाळेने तुम्हाला सोडलं नाही." म्हणजे त्यांना आवडलं होतं.

जाता जाता त्या माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, पुढच्या महिन्यापासून तुमचे गुण वॉर्डात वापरू या. हवेच्या गाद्या अकराच आहेत. ज्याचे गुण जास्त त्याला गादी. बाकीच्यांना साधी."

मी मान हलवली. काय करणार होते?

आता कबूल करते. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते आठवडाभर रजेवर होते. प्रोग्राम तयार होता. मला धीर निघेना. मी स्वतःच तो चालवला. ४६१८ ला आले शहात्तर. शहात्तर वाईट नाही, पण जुन्या पद्धतींनाही तेवढेच येतात. पाच वर्षांच्या कष्टांचं असं सपाट उत्तर बघून मला रडू आलं. मग मी प्रोग्रामच्या सहाव्या ओळीतला आकडा, म्हणजे सीड, बदलला. नुसतं बघायला, असं मी मला सांगितलं. १ घातला, पंच्याहत्तर. माझा सेवा क्रमांक घातला, एकोणऐंशी. टेलिफोनचा, बेडचा, घरनंबराचा, स्कूटरचा. सातव्यांदा मुलीची जन्मतारीख घातली, १७०९. चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, माझ्या पोरीचा पायगुणच तसा. आणि फाइल सेव्ह करून बंद केली.

पुढे मास्तर आले. मी त्यांना उत्तर दाखवलं. ते आनंदले, त्याच फाइलीवरून त्यांनी सगळे तक्ते काढले. मी सांगायचं ठरवलं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता ते माझ्या मनातूनच पुसलं गेलं. इतकं साफ, की लेखात "सीड आधीच ठरवलेला होता" हे वाक्य मीच लिहिलं, आणि लगेच पुढच्या वाक्याला लागले. या गोष्टीची मला आजही सगळ्यांत जास्त चीड येते.

गुरुवारी दुपारी डबा खाऊन झाल्यावर मास्तरांनी नोंदवही उघडली. निवेदनात सीड लिहायचा होता आणि ते वहीत बघितल्याशिवाय स्वतःचं नावसुद्धा लिहिणार नाहीत. मी समोरच्या स्टुलावर संदर्भांची यादी तपासत होते, म्हणजे तपासल्यासारखं करत होते.

पान उलटल्याचा आवाज आला. त्यांनी लिफ्टवाल्या बाईंच्या सहीजवळ डकवलेली प्रत उलगडली, पडद्याकडे बघितलं, पुन्हा प्रत बघितली. चष्मा काढून पुसला. मी यादीतली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते, मान वर करायची हिंमत नव्हती.

"सिस्टर," ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "कन्या काय म्हणते? गेल्या महिन्यात वाढदिवस झाला ना, सतरा तारखेला?"

माझी मुलगी पाच वर्षांची असल्यापासून मास्तर तिला दर वाढदिवसाला पेन्सिलींची पेटी देतात. आता ती कॉलेजात आहे, तरी देतात. तारखा त्यांच्या डोक्यातून जात नाहीत.

"मजेत आहे," मी म्हटलं. आणि यादीचं पान उगाच उलटलं.

"छान," ते म्हणाले. आणि टाइप करायला लागले, दोन बोटांनी.

साडेचारला त्यांनी तो कागद छापून माझ्यापुढे सरकवला. संपूर्ण निवेदन. सॉफ्टवेअर, आवृत्त्या, जुन्या रीतीची ओळ, संमती, समिती, बनावट फाइल, सगळं. मधे फक्त एवढं: "गट पाडण्यासाठी वापरलेला सीड", आणि पुढे कोरी जागा.

"हे वाक्य तुम्ही लिहा, सिस्टर. बाकीचं मला माहीत होतं, ते मी लिहिलंय."

"मास्तर..."

"उद्या लिहा. पाचपर्यंत वेळ आहे." त्यांनी म्हाताऱ्यावर खोळ चढवली, पिशवी उचलली आणि ते घरी गेले.

मी तिथेच बसले आणि रागावले. कोणावर? त्यांच्यावरच. सरळ विचारायला काय झालं होतं? पकडलंय तर पकडलंय म्हणा! मला वाटलं, लिहून टाकावं, १७०९. त्यात खोटं एक अक्षर नाही. जुनी आवृत्ती, १७०९, चौऱ्याऐंशी. मासिकाच्या माणसाने दहादा चालवलं तरी दहादा चौऱ्याऐंशीच येतील. मास्तर मासिकाकडे तक्रार करतील असंही मला वाटत नव्हतं. लेख पक्का, प्रबंध जमा, आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी माझी ड्यूटी होती. चार नंबरला एक बाई आदल्या दिवशी आल्या होत्या, साठीच्या, बेशुद्ध. उत्सुकता म्हणून मी त्यांचे गुण काढले. कमी आले. त्या हिशोबाने त्यांना साधी गादी पुरे होती. कूस बदलायला मी त्यांना वळवलं तर माकडहाडावर त्वचा लाल झालेली. बोटाने दाबून सोडली, तरी पांढरी पडेना. म्हणजे जखम सुरू झाली. अठरा वर्षं हे बोट चुकत नाही. एका रुग्णावरून सूत्र खोटं ठरत नाही, हे मास्तरांनीच मला शिकवलंय. पण पुढच्या महिन्यापासून अकरा गाद्या कोणाला हे माझ्या बोटाऐवजी माझ्या मुलीची जन्मतारीख ठरवणार होती, आणि ते मला त्या बाईंच्या पाठीवर हात ठेवून सहन होईना.

मी त्यांच्या तक्त्यात नोंद केली. शेजारी शिकाऊ परिचारिका उभी होती. तिने सकाळची चुकीची वेळ गिरवून दुरुस्त केली होती. सवयीने मी तिच्यावर खेकसले, "गिरवायचं नाही! एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि सही करायची. किती वेळा सांगू?"

ती बिचारी सॉरी म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग ड्यूटी तिच्या वरिष्ठेकडे देऊन मी सरळ संशोधन कक्षात गेले.

मास्तर नव्हते. कागद टेबलावर होता. मी पेनने लिहिलं:

"आधी ठरवलेला सीड ४६१८ होता, त्याने ७६ टक्के आले. ते पाहिल्यावर मी आणखी सात सीड चालवून पाहिले आणि सर्वांत चांगलं उत्तर देणारा १७०९ ठेवला. लेखातले ८४ टक्के त्याचे आहेत. सीड आधी ठरवलेला होता हे लेखातलं वाक्य खरं नाही. हा बदल माझा आहे; इतर लेखकांना तो माहीत नव्हता."

आणि सही केली. मास्तर चहाचे दोन कप घेऊन दारात उभे होते. किती वेळ ते कोण जाणे. त्यांनी कप ठेवले, वाचलं, आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"सात की सातवा?"

"काय?"

"४६१८ नंतर सात, की तो धरून सात?"

मी बोटांवर मोजलं. "तो सोडून सात."

"बरोबर लिहिलंय मग." ते बसले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मी म्हटलं, "मास्तर, मला शिव्या तरी द्या."

त्यांनी नोंदवही उघडून माझ्याकडे फिरवली. शेवटच्या विश्लेषणाची ओळ. सीडच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात होतं, "वरीलप्रमाणे".

"हे माझं," ते म्हणाले. "फाइल उघडून सहावी ओळ बघायची सोडून मी वरीलप्रमाणे लिहिलं. तुमच्यावर भरवसा होता म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून. एवढी वही मिरवतो मी. रात्रभर मला झोप आली नाही. म्हणून काल विचारलं नाही तुम्हाला. विचारायला तोंड नव्हतं." त्यांनी "वरीलप्रमाणे"वर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर १७०९ लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग माझ्या कागदावर "इतर लेखकांना तो माहीत नव्हता" याच्या पुढे लिहिलं, "नोंद तपासण्यात माझीही चूक झाली", आणि तिथेही सही.

"आता पाचशे," ते म्हणाले.

पाचशे वेगवेगळे सीड घेऊन त्यांनी प्रोग्राम चालवला, त्या पाचशेंची यादीही एकाच सीडमधून काढलेली, म्हणजे तीही कोणाला पुन्हा काढता येईल. वीस मिनिटं लागली. मधलं उत्तर सत्त्याहत्तर. पाचशेपैकी पंच्याण्णव टक्के उत्तरं एकोणसत्तर आणि त्र्याऐंशीच्या मधे. चौऱ्याऐंशी त्याच्याही बाहेर होते. लिफ्टवाल्या बाईंचे शहात्तर मात्र अगदी मधोमध. आम्ही संपादकांना पत्र लिहिलं, की निवेदनासोबत लेखातला आकडा, सारांश आणि ते खोटं वाक्य बदलावं, आणि हवं तर लेख पुन्हा तज्ज्ञांकडे पाठवावा.

साडेतीनला मॅडम सहीला आल्या. त्यांनी उभ्यानेच वाचायला घेतलं आणि मग खुर्ची ओढून बसल्या.

"सिस्टर, तुमची मुदत कधी संपते?"

"महिनाअखेरीस."

"आणि हे पाठवलं तर लेख चार महिने तरी लटकणार. कळतंय?"

"हो."

"सात वर्षं पाण्यात घालवायला निघालात!" त्यांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला असणार. "जुनी आवृत्ती, हा सीड, हे उत्तर. एवढंच विचारलंय त्यांनी. त्यातलं काय खोटं आहे?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "म्हणूनच मला दोन वर्षं ते खोटं वाटलं नाही. मॅडम, चार नंबरच्या बाईंना जाऊन बघा. गुण कमी आहेत आणि पाठ लाल आहे. तुम्ही त्यांना साधी गादी देणार होता, माझ्या आकड्यावर."

मॅडम मास्तरांकडे वळल्या. ते चष्मा शोधत होते, जो त्यांच्या गळ्यात होता. घड्याळात चार वाजले. मला वाटलं त्या कागद फाडतील. त्यांनी पर्समधून पेन काढलं, सही केली आणि म्हणाल्या, "गुणांनी गाद्या वाटायचं रद्द. आणि सिस्टर, पुढचे काही दिवस माझ्यासमोर येऊ नका." चार चाळीसला मेल गेला.

पुढे जे व्हायचं ते झालं. लेख पुन्हा तज्ज्ञांकडे गेला, पाच महिन्यांनी छापून आला, शीर्षकातले "अधिक अचूक" हे शब्द गळले. आता त्यात लिहिलंय की हे सूत्र जुन्या पद्धतींइतकंच चालतं, एकट्यावर विसंबू नये. माझी नोंदणी महिनाअखेरीस रद्द झाली. ते पत्र मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं तेव्हा नवऱ्याने वाचून माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला, आणि मुलगी म्हणाली, "माझी तारीख मला परत दे हं आता." आम्ही तिघं हसलो, आणि मग मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. ते दुःख गेलंय असं मी म्हणणार नाही. बांधलेला प्रबंध अजून कपाटात आहे आणि दार उघडलं की टोचतो.

मॅडम दोन महिन्यांनी बोलायला लागल्या. पण मास्तर संशोधन कक्षातून वॉर्डात कधी येत नाहीत, त्यामुळे आमची भेट कमीच व्हायची. माझा तिथला संबंधही संपला होता. मला वाटायचं, आता त्या खोलीत माझं नाव निघालं तर कोणत्या सुरात निघत असेल?

गेल्या मंगळवारी मी चार नंबरच्या बेडपाशी चादर बदलत होते. वॉर्डाच्या दारात मास्तर दिसले. काखेत नोंदवही, चपला हातात, कारण आत चपला चालत नाहीत. एका सर्जनचा नवीन अभ्यास सुरू होत होता.

"सिस्टर, दोन मिनिटं आहेत का?" ते म्हणाले. "अजून फाइल उघडलेली नाही. बाहेरच्या माणसाकडून चार आकडी आकडा हवाय."

"माझ्याकडून?"

"तुमच्याकडूनच." त्यांनी वही औषधांच्या ट्रॉलीवर पसरली, पेनचं टोपण काढलं आणि थांबले.

मी हातमोजे काढले. डोक्यात आधी एकच आकडा आला, तो मी बाजूला सारला. मग भिंतीकडे बघून म्हटलं, "५२३८."

त्यांनी तो लिहिला, मला मोठ्याने वाचून दाखवला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली.